शिबिराचा खर्च नेमका कुठे संपतो?

नेत्रतपासणी शिबिराला किती खर्च येतो, यावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं तेव्हा जूनमधल्या एका शिबिराचा हिशेब माझ्या टेबलावरच होता. तालुक्याच्या गावातला एक सेवाभावी क्लब. माणसं मनापासून राबलेली. अंदाजपत्रक साठ हजारांचं : मांडव, खुर्च्या, फ्लेक्स १४ हजार, चहा-नाश्ता, जेवण १६ हजार, शाल-श्रीफळ, स्मृतिचिन्हं ९ हजार, रिक्षावरून पुकारा ४ हजार, औषधं ५ हजार आणि चष्मे १२ हजार. तपासले १८० जण. म्हणजे माणशी ३३३ रुपये, असं खजिनदारांनी अहवालात लिहिलं.

मी भागाकार वेगळा करतो. त्या दिवशी ३४ जणांना शस्त्रक्रियेजोगा मोतीबिंदू निघाला. रुग्णालय सत्तर किलोमीटरवर. तिथवर पोहोचले १२, त्यातल्या तिघांची साखर जास्त निघाली म्हणून ते परत आले. शस्त्रक्रिया झाल्या ९. उरलेले पंचवीस जण घरीच आहेत, आणि आपल्याला मोतीबिंदू आहे हे आता त्यांना ठाऊक आहे, एवढाच फरक. अंदाजपत्रकात बसभाडं नव्हतं.

शस्त्रक्रियेचा खर्च ही क्लबांना वाटणारी मोठी धास्ती. प्रत्यक्षात धर्मादाय रुग्णालयांना राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून दर शस्त्रक्रियेमागे अनुदान मिळतं आणि बाकीचा भार बहुधा ते स्वतः उचलतात. अडतं ते रस्त्यात. सत्तरीची बाई एकटी एस. टी.नं जात नाही, सोबत मुलगा हवा, त्याची त्या दिवशीची मजुरी बुडते. साखरेची पट्टी साधारण वीस रुपयांना येते. मोतीबिंदू निघालेल्या प्रत्येकाच्या बोटाला शिबिरातच टोचलं असतं, तर त्या तिघांना आधी गावच्या डॉक्टरकडे पाठवता आलं असतं.

मांडवाबद्दल मला विशेष बोलायचं आहे. तक्ता वाचून घ्यायला सहा मीटर अंतर लागतं आणि बॅटरीनं डोळा पाहायला अंधारी खोली. उन्हातल्या मांडवात बाहुली आकसते, मागचा धूसरपणा नीट कळत नाही. शाळेचे दोन वर्ग यापेक्षा चांगले, आणि ते फुकट मिळतात.

आता चष्म्यांचा वाद. तयार जवळचे चष्मे वाटण्याला माझ्या काही सहकाऱ्यांचा विरोध आहे. दोन्ही डोळ्यांना एकच नंबर, तिरपा नंबर नाही, आणि चष्मा मिळाला की माणूस पुन्हा तपासायला येत नाही, हे त्यांचे आक्षेप. पहिले दोन खरेच आहेत. म्हणून नियम असा हवा : दोन्ही डोळ्यांनी लांबचा तक्ता शेवटपर्यंत वाचता येतो, वय चाळिशीच्या पुढे आहे आणि फक्त जवळचं दिसत नाही, अशालाच तयार चष्मा. लांबचं कमी दिसत असेल तर बारीक छिद्राच्या चकतीतून वाचायला लावायचं. सुधारलं तर बहुधा नंबरचा प्रश्न, त्याला मोजून चष्मा. नाही सुधारलं तर मोतीबिंदू, पडदा किंवा काचबिंदू. त्याला चष्मा देऊन घरी पाठवणं हा गुन्हा. पण हे पाळलं, तर शिवणकाम करणाऱ्या बाईला त्याच दिवशी सुईत दोरा ओवता येतो. तिसऱ्या आक्षेपापायी तिला ताटकळत ठेवणं मला पटत नाही.

लोकांचा एक समज मात्र मला थकवतो : मोतीबिंदू पिकू द्यावा आणि थंडीतच काढावा. आजच्या शस्त्रक्रियेला पिकण्याची गरज नाही. उलट फार पिकलेला मोतीबिंदू डोळ्याचा दाब वाढवून नजर कायमची घालवू शकतो.

तेच साठ हजार मी पुन्हा मांडून दिले. बस न्यायला आणि आणायला १४ हजार. शस्त्रक्रियेनंतर आठवड्यानं गावातच तपासणीसाठी तंत्रज्ञाची गाडी, ३ हजार. सहा आठवड्यांनी नंबर काढून तीस जणांना चष्मे, ९ हजार. साखरेच्या चाळीस पट्ट्या, ८०० रुपये. शिबिरातले चष्मे तसेच, १२ हजार. उरतात २१,२००, त्यात औषधं, पुकारा आणि सगळ्यांचा चहा-नाश्ता होतो. सत्कार होत नाहीत.

खजिनदारांना आकडे पटले, पण त्यांची अडचण खरी होती. या क्लबांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. शिल्लक खर्ची टाकायला शिबिर जूनमध्ये, नेमकं पेरणीच्या तोंडावर, जेव्हा घरातलं कुणी सोबत जायला मोकळं नसतं. आणि सहा आठवड्यांनंतरचे चष्मे येतात नव्या अध्यक्षांच्या वर्षात, जिथे त्यांची तरतूदच नसते. म्हणून शिबिर सुगी आटोपल्यावर जानेवारीत घ्यावं, आणि बस, फेरतपासणी, चष्मे यांचे २६ हजार तारीख ठरवतानाच रुग्णालयाकडे जमा करून पावती घ्यावी, असं मी त्यांना लिहून दिलं आहे. त्यांच्या कार्यकारिणीची बैठक दिवाळीनंतर आहे.