व्हॉल्व्हला दिलेले झोके

कुवेतला नदी नाही. इथल्या नळाला येतं ते बहुतांशी समुद्राचंच पाणी, तापवून, वाफ करून गोडं केलेलं. माझं काम अशाच एका प्लांटमधल्या ब्राइन हीटरचं तापमान सांभाळणारा लूप नीट लावायचं. तापमान कमी पडलं तर पाणी कमी निघतं, जास्त झालं तर नळ्यांत क्षार बसतात. आणि क्षार बसले की कागदावरचं मॉडेल खोटं ठरतं, कारण ते नव्या नळ्यांचं असतं. म्हणून मी प्लांटलाच विचारतो.

लूप मॅन्युअलवर घ्यायचा. ऑपरेटर शेजारी बसलेला हवा आणि तापमान कुठवर जाऊ द्यायचं हे आधी ठरलेलं हवं. मग वाफेच्या व्हॉल्व्हला साइनसारखे हळू झोके द्यायचे, दोन टक्के वर, दोन टक्के खाली. आधी वीस मिनिटांचा एक झोका, मग पाच मिनिटांचा, मग एक-दीड मिनिटाचा. पहिले दोन-तीन झोके सोडून द्यायचे. प्लांट अजून लयीत आलेला नसतो.

एकदा पाच मिनिटांच्या झोक्याला तापमान 0.37 अंश वर-खाली झालं आणि 75 सेकंद मागे राहिलं. 300 सेकंदांत 75, म्हणजे फेज 90 अंश मागे. गेन 0.37 भागिले 2, म्हणजे 0.185, सुमारे उणे 14.7 डेसिबल. आलेखावर एक ठिपका पडला. 75 सेकंदांच्या झोक्याला फेज 180 अंशांवर पोचली आणि गेन 0.05 उरला. म्हणजे कंट्रोलरचा गेन 20 झाला की लूप स्वतःच झुलत राहील. मी 8 वर थांबलो. त्या 75 सेकंदांच्या झोक्याला तापमान जेमतेम 0.1 अंश हलतं आणि सेन्सरचा गोंगाटही तेवढाच. तिथे नजरेवर विसंबू नये. पूर्ण झोक्यांची नोंद त्याच वेगाच्या साइन आणि कोसाइननं गुणून सरासरी काढली की गोंगाट विरतो आणि खरं उत्तर उरतं.

सुरुवातीच्या वर्षांत मी गेन काढताना व्हॉल्व्हला दिलेला आदेशच धरायचो. एका व्हॉल्व्हचं पॅकिंग आवळलेलं होतं. आदेश गोल फिरत होता, पण दांडा टोकाला थांबून मग उडी मारत होता. त्याचा अडकलेपणा मी प्लांटचा उशीर समजलो आणि कंट्रोलर उगाच मंद करून ठेवला. तेव्हापासून दांड्याची खरी जागा नोंदवतो आणि एकच झोका एक टक्क्यानं व तीन टक्क्यांनी देऊन पाहतो. गेन दोन्हींत सारखा आला तरच ठिपका ठेवायचा. नाही आला तर आधी व्हॉल्व्ह दुरुस्त करायचा.

फेब्रुवारीतला आलेख ऑगस्टमध्ये चालत नाही, आखाताचं पाणी तेव्हा फार गरम असतं. माझ्या प्रत्येक आलेखाच्या कोपऱ्यात तारीख आणि समुद्राच्या पाण्याचं तापमान लिहिलेलं असतं.