नाव शेवटी

जेवणानंतरच्या सत्राचं सूत्रसंचालन ज्याच्या वाट्याला येतं, त्याला सभागृह खरं कळतं. पोटात मठ्ठा-जिलबी, डोक्यावर पंख्याची घरघर, मागच्या रांगेत दोन माना आधीच कललेल्या. अशा वेळी ‘सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर’ ही आरती लांबली की उरलेल्या मानाही कलतात. मी अध्यक्षांचं नाव घेतो, बाकीच्यांना एका ‘मान्यवर’मध्ये बसवतो आणि शेवटच्या रांगेकडे बघून ‘नमस्कार’ म्हणतो. मग दोन श्वास गप्प. तिकडून पुटपुटल्यासारखा नमस्कार परत आला की समजावं, आवाज पोचतोय आणि माणसं जागी आहेत.

पाहुण्यांच्या परिचयाचं गणित मात्र मला उशिरा सुटलं. पूर्वी मी पहिल्याच वाक्यात नाव सांगून टाकायचो. टाळ्या तिथेच पडायच्या आणि पुढचे पुरस्कार, पदव्या, समित्या कागदांच्या सळसळीत बुडायच्या. पाहुणे बिचारे चपलेकडे बघत बसायचे.

परवाच्या चर्चासत्राचा विषय भूजल. बोलणाऱ्या बाईंचा परिचय चार पानी आला होता. आदल्या संध्याकाळी त्यांना फोन केला. आधी आडनावाचा उच्चार विचारला, तो ऐकून कागदावर तसाच लिहिला. मग विचारलं, “मॅडम, पाण्याकडे कशा वळलात?” त्या म्हणाल्या, लहानपणी विहिरीतून पोहरा ओढताना दोराला गाठी मारायच्या, उन्हाळ्यात किती गाठी जास्त सोडाव्या लागतात, ते मोजायच्या. मी खूश. परिचय तयार झाला! तेवढ्यात त्या म्हणाल्या, “पण सर, सुरुवात मी तिथूनच करणार आहे हं.”

पाहुण्यांची गोष्ट सूत्रसंचालकानं आधीच सांगणं म्हणजे पंगत बसण्याआधी ताटातला लाडू उचलणं. दोर वगळला. मग चार पानांतून तीनच गोष्टी घेतल्या: कातळाच्या मुलखातल्या विहिरी त्या किती वर्षं मोजताहेत, त्यातून त्यांना काय दिसलं, आणि आज समोर बसलेल्या पाणलोटाच्या कार्यकर्त्यांना त्याचा काय उपयोग. दीडशे शब्द, दीड मिनिट. ‘त्यांच्या परिचयाची गरज नाही’ हे वाक्य टाळलंच. गरज नसेल, तर मी उभा कशाला?

दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, “उन्हाळ्यात तुमच्या गावच्या विहिरीचं पाणी किती हात खाली जातं, हे कोणाला सांगता येईल?” कोपऱ्यातून एक आजोबा म्हणाले, “आमची तर कोरडीच पडते!” सभागृह हसलं, कललेल्या माना वर आल्या. मग तीन गोष्टी, आणि सगळ्यात शेवटी नाव. टाळ्यांच्या आवाजातच बाई उठल्या.

त्या माझ्यापेक्षा वीतभर बुटक्या. मी माइकची मान खाली वळवली आणि बाजूला झालो.

“दोराला गाठी मारलेल्या असायच्या...” त्यांनी सुरुवात केली. आजोबा पुढे सरसावून बसले.