जाहीरनाम्यात 'जात' का नाही?

दरवर्षी 10 डिसेंबरला आम्ही वस्तीतल्या विहारात मुलांना जमवून मानवी हक्कांचा जाहीरनामा वाचतो. एका वर्षी कलम 2 वाचून झाले आणि बारावीतल्या एका मुलीने विचारले, "ताई, यात वंश आहे, रंग आहे, धर्म आहे. जात कुठे आहे?" समाजशास्त्रात एम.ए. करूनही आमच्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. मग शोध घेतला. जे सापडले ते प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असायला हवे.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत सरकार स्वतःच्या नागरिकांशी कसे वागते हा त्या देशाचा घरगुती मामला समजला जाई. हिटलरच्या जर्मनीने आधी कायदा करून ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले आणि मग लाखो ज्यूंना मारले. जे सरकारने रक्षण करायचे, तेच मारेकरी झाले तर माणसाने दाद कुठे मागायची? या प्रश्नातून सार्वत्रिक मानवी हक्कांची कल्पना पुढे आली. हक्क सरकार देत नाही, तो माणूस म्हणून असतोच, असे तिचे म्हणणे.

1945 च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत भेदभावाचे चारच आधार होते: वंश, लिंग, भाषा, धर्म. हक्कांचा सविस्तर मसुदा करण्याचे काम मानवी हक्क आयोगाकडे आले. एलिनॉर रूझवेल्ट अध्यक्षा होत्या. भारताच्या प्रतिनिधी होत्या हंसा मेहता. कलम 1 मध्ये 'सर्व पुरुष' असाही अर्थ निघेल असा इंग्रजी शब्द होता. मेहतांनी आग्रह धरून तिथे 'सर्व मानव' करून घेतले. एका शब्दाने निम्मी मानवजात आत आली.

मग कलम 2 ची यादी वाढत गेली. 1948 मध्ये पॅरिसला महासभेच्या तिसऱ्या समितीत सोव्हिएत प्रतिनिधींनी आणखी एक आधार मागितला. जुन्या सरंजामी समाजात काही घराण्यांना जन्मानेच कायदेशीर विशेषाधिकार मिळत, तो प्रकार त्यांना मोडायचा होता. त्यांच्या रशियन शब्दाचे भाषांतर आधी 'वर्ग' झाले, पण चर्चेत तो शब्द मागे पडून 'जन्म' पुढे आला.

इथे भारताचे प्रतिनिधी मोहम्मद हबीब म्हणाले की 'जन्म' ऐवजी 'जात' शब्द घ्यावा. पण भारताचेच दुसरे प्रतिनिधी अप्पादुराई यांनी सांगितले की 'सामाजिक मूळ' आणि 'इतर दर्जा' हे शब्द पुरेसे व्यापक आहेत, म्हणून आमचा आग्रह नाही. म्हणजे 'जात' कोणा परक्या देशाने खोडली नाही. ती आपल्याच सरकारच्या प्रतिनिधींनी मांडली आणि आपणच मागे घेतली.

10 डिसेंबरला 48 देशांनी बाजूने मत दिले, विरोधात कोणी नाही, 8 देश तटस्थ राहिले. त्यात वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिका होती. हा जाहीरनामा होता, बंधनकारक करार नव्हे. त्यामुळे ज्यांच्या घरी काळ्यांसाठी वेगळ्या शाळा होत्या किंवा हाताखाली वसाहती होत्या, त्यांनाही हात वर करणे जड गेले नाही.

कोणी म्हणेल, 'जन्म' शब्दात जात येतेच ना? येते. शिवाय जपानमधल्या बुराकूंसारखे समाजही त्यात येतात, हा व्यापक शब्दाचा फायदा खरा. पण ज्याचे नाव घेतलेले नाही, ते आहे हे सिद्ध करण्याचे ओझे पीडितावर पडते. पुढे तेच झाले. 1965 च्या वंशभेदविरोधी करारात 'वंशपरंपरा' या अर्थाचा शब्द भारतानेच घालायला लावला, आणि पुढे भारत सरकारच म्हणू लागले की त्यात जात येत नाही. 2001 च्या डर्बन परिषदेत दलित कार्यकर्ते याच मुद्द्यावर झगडले. 2002 मध्ये त्या कराराच्या समितीने स्पष्ट केले की जात त्यात येते. सरकारने ते मान्य केले नाही.

आता त्याच 1948 सालची दिल्ली पाहा. बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबरला संविधानाचा मसुदा संविधान सभेपुढे ठेवला. 29 नोव्हेंबरला अस्पृश्यता नष्ट करणारे कलम मंजूर झाले, तेच आजचे कलम 17. कलम 15 मध्ये 'जात' हा शब्द स्वच्छ लिहिलेला आहे. तिथे 'इतर दर्जा' वर भागवले नाही. म्हणून गावातल्या पाणवठ्यावर अडवलेली बाई संविधानाचे कलम दाखवू शकते, तिला शब्दाचा अर्थ लावत बसावे लागत नाही.

त्या मुलीला आम्ही पुढच्या वर्षी हे सगळे सांगितले. ती एवढेच म्हणाली, "म्हणजे मसुदा लिहिताना आपले माणूस तिथे पाहिजे." आम्हाला यात भर घालायची नाही. एवढेच सांगतो, की कुठल्याही ठरावाचा, धोरणाचा मसुदा हाती आला तर आधी यादी वाचा, आणि 'इत्यादी' मध्ये आपल्याला कोणी ढकलले आहे का ते पाहा.

जय भीम.