पट्टी कधी लावावी?

उपासनेनंतर चहाच्या वेळी आम्ही स्वयंसेवक बसतो तेव्हा साखरेचा विषय निघाला नाही, असा रविवार क्वचितच जातो. आमच्या एक काकू फक्त मेटफॉर्मिनच्या गोळीवर आहेत. तरी त्या दिवसातून चार वेळा बोट टोचत, म्हणजे महिन्याला 120 पट्ट्या. मग कंटाळून दोन महिने यंत्र कपाटात टाकून देत. आम्ही विचारले, "काकू, आकडा 168 आला की तुम्ही काय करता?" त्या म्हणाल्या, "काय करणार? काळजी करते."

खरी गोष्ट इथेच आहे. इन्सुलिन घेणारा माणूस आकडा पाहून डोस ठरवतो. काकूंना त्या दिवशी आकड्यावरून बदलण्यासारखे काहीच नव्हते. अमेरिकेत 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इन्सुलिन न घेणाऱ्या 450 जणांना वर्षभर पाहिले. रोज तपासणाऱ्यांचा आणि न तपासणाऱ्यांचा एचबीएवनसी वर्षाअखेर जवळपास सारखाच निघाला.

मग काकूंनी डॉक्टरांना विचारून वेगळे केले. एकच प्रश्न घेतला: सकाळचे पोहे मला झेपतात का? तीन दिवस खाण्याआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा तपासले. पहिल्या दिवशी 118 वरून 204. साधारणपणे दोन तासांनी 180 च्या आत असावे. पुढचे दोन दिवस पोहे निम्मे केले आणि सोबत मटकीची उसळ घेतली. 116 वरून 158, मग 161. उत्तर मिळाले, सहा पट्ट्यांत. यंत्र बाजूला ठेवले. आता दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी, तो स्थिर राहिला तर सहा महिन्यांनी. (तपासण्याआधी हात साबणाने धुवावेत. आंबा खाल्लेल्या बोटावर आकडा उगाच वाढलेला दिसतो. टोचावे बोटाच्या कडेला, मधोमध जास्त दुखते.)

पण हे सगळ्यांना लागू नाही. औषध बदलले, ताप आला, स्टेरॉइड सुरू झाले, तर काही दिवस जास्त वेळा पाहावे लागते. अंगात रक्त कमी असेल तर एचबीएवनसीही फसवू शकतो, तेव्हा डॉक्टर बोटाची तपासणी वाढवायला सांगतात.

आणि ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड घेणाऱ्यांनी नीट ऐकावे. या गोळ्या पोट रिकामे असतानाही साखर खाली ओढतात. उत्तम शुक्रवारचा उपास करायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारून गोळीचे ठरवावे आणि यंत्र जवळ ठेवावे. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटले की लगेच तपासावे. 70 च्या खाली असेल तर उपास तिथेच सोडून तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पट्टी लावावी.