हातावरचे गोंदण

निवृत्तीपूर्वी अनेक वर्षे मी अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील एका परिचर्या विद्यालयात शिकवीत होते. दरवर्षी शपथविधीला मुली हातात दिवा घेऊन नाइटिंगेलच्या नावाची शपथ म्हणत. १८९३ साली डेट्रॉइट येथे तयार झालेल्या या शपथेत रुग्णाची आणि त्याच्या घरची खासगी गोष्ट बाहेर न सांगण्याचे वचन आहे. ‘बाहेर सांगणे’ म्हणजे नेमके काय, हे मात्र एका आजींच्या हातामुळे मला नव्याने कळले.

प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी, वय एकोणीस. तिने एका आजींचा हात हातात घेतल्याचे छायाचित्र काढले आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर ठेवले. खाली लिहिले, ‘माझ्या पहिल्या आजी, लवकर बऱ्या व्हा.’ चेहरा नाही, नाव नाही, रुग्णालयाचा उल्लेखही नाही. आपण सगळी काळजी घेतली, असे तिला मनापासून वाटले होते. पण आजींच्या मनगटावर भावाचे नाव गोंदलेले होते आणि त्याखाली तुळशीवृंदावन. आमच्याकडच्या जुन्या बायकांच्या हातावरचे गोंदण ही सहीइतकीच खात्रीची ओळख असते. शिवाय दोनच दिवसांपूर्वी तिने दुसऱ्या स्टेटसमध्ये ‘क्षयरोग कक्षात पोस्टिंग सुरू’ असे लिहिले होते. दोन्ही मजकूर वेगवेगळे पाहिले तर निरुपद्रवी. एकत्र वाचले की आजींचा आजार उघड.

स्टेटस चोवीस तासांनी आपोआप नाहीसे होते, पण पाहणाऱ्याने स्क्रीनशॉट घेतला तर ठेवणाऱ्याला ते कळत नाही. तिच्या संपर्कयादीत आजींच्या गावची एक नातलग होती. संध्याकाळपर्यंत ते चित्र गावाच्या गटात पोहोचले. आजींनी घरी फक्त मुलाला खरे सांगितले होते, बाकीच्यांना दमा. नातीच्या लग्नाची बोलणी चालू होती, ती थांबली. नियमित औषधे सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच संसर्गाची शक्यता पुष्कळ घटते, हे समोरच्या घरी कोण जाऊन सांगणार?

सून दुसऱ्या दिवशी आली तेव्हा मुलगी रडत होती. तिने स्टेटस काढून टाकले होते, पण इतरांच्या फोनमधले चित्र तिला कसे काढता येणार? तिला आजींच्या घरी फोन करून क्षमा मागायची होती. मी तिला थांबवले. तो क्रमांक तिला केसपेपरवरून मिळाला होता. स्वतःच्या कामासाठी तो वापरणे ही दुसरी चूक ठरली असती. आम्ही प्रथम कक्षाच्या इन्चार्ज सिस्टरांना लेखी कळवले. मग त्यांच्यासमवेत आजींच्या खाटेपाशी जाऊन काय झाले ते सरळ सांगितले.

आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “विचारलं असतंस तर मी दुसरा हात पुढं केला असता गं.”

हे वाक्य मी पुढे अनेक तुकड्यांना सांगितले, पण एक पुस्ती जोडून. आजींनी होकार दिला असता, तरी तो होकार पुरेसा नव्हता. जी मुलगी सकाळी औषध देणार, रात्री पाणी देणार, तिला खाटेवरचा माणूस नाही कसे म्हणेल? म्हणूनच शिक्षणासाठी छायाचित्र हवे असेल तर चित्र कशासाठी, कोण पाहणार हे सांगून, संस्थेमार्फत लेखी संमती घ्यायची असते. समाजमाध्यमासाठी तर विचारूच नये. केस प्रेझेंटेशनसाठी एक्स-रेचा फोटो वर्गाच्या गटात टाकणाऱ्या मुलींनाही मी फिल्मच्या कोपऱ्यात छापलेले नाव आणि वय दाखवीत असे.

कायदाही याबाबत काही ठिकाणी कठोर आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार रुग्णाच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय त्याची एचआयव्ही स्थिती उघड करता येत नाही. कोविडच्या पहिल्या लाटेत, एप्रिल २०२० मध्ये, बाधितांची नावे वा ओळख समाजमाध्यमांवर पसरवू नका, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला सांगावे लागले. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये शेजारच्या कर्नाटकात, गदगच्या सरकारी वैद्यकीय संस्थेत, रुग्णालयात रील काढल्याबद्दल ३८ विद्यार्थ्यांवर कारवाई झाली. नुकसान मात्र अनेकदा रीलपेक्षा अशा मायेने काढलेल्या एका हाताच्या चित्रानेच जास्त होते, असा माझा अनुभव आहे.

वाचकहो, यात आपणही येतो. अतिदक्षता विभागातल्या वडिलांचा नळ्या लावलेला फोटो नातेवाइकांच्या गटात टाकताना त्यांना विचारलेले असते का? शेजारच्या खाटेवरचा माणूसही त्या चौकटीत आलेला असतो. आणि कोणी परिचारिका वा विद्यार्थिनी आपल्या माणसाचा फोटो काढताना दिसली, तर तिच्याशी वाद न घालता इन्चार्ज सिस्टरांना विचारावे की हा फोटो कशासाठी आणि संमतीचा कागद कुठे आहे.

ती मुलगी आज परिचारिका आहे. आजी बऱ्या होऊन घरी गेल्या. जाण्याच्या दिवशी तिने नाडी पाहण्यासाठी हात मागितला, तेव्हा आजींनी आधी पदर मनगटावर ओढून घेतला, आणि मग हात पुढे केला.