शेजारधर्म आणि जाहिरातीचा हिशेब

बँकेच्या नोकरीत भागीदारीची अनेक खाती मी जवळून पाहिली. वाद बहुधा मोठ्या रकमेवरून होत नसत. जे आधी लिहून ठेवले नाही, त्यावरून होत. निवृत्तीनंतर आमच्या पेठेतील दोन शेजारी दुकानदार, एक साड्यांचे व एक सराफ, लग्नसराईसाठी चित्रपटगृहात एकत्र जाहिरात देण्याचा विचार घेऊन माझ्याकडे आले, तेव्हा मी प्रथम कागद पुढे ओढला.

जाहिरात तीस सेकंदांची, खर्च साठ हजार रुपये आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी. निम्मा-निम्मा वाटा ठरला. मी सुचवले, जाहिरात कंपनीकडून तीस-तीस हजारांची दोन स्वतंत्र बिले घ्यावीत. बिल एकाच्याच नावे आले, तर दुसऱ्याला आपल्या वाट्याच्या ५,४०० रुपये कराची वजावट सरळ मिळत नाही.

पडद्यावरील वेळ बारा-बारा सेकंद आणि शेवटचे सहा सेकंद दोन्ही नावे सारख्या आकारात, असा ठरला. प्रश्न उरला, आधी कोण? प्रेक्षक उशिरा येऊन बसतात, म्हणून पहिला भाग अनेकांचा हुकतो. उपाय सोपा होता: क्रम उलटा केलेली दुसरी प्रत काढून दोन्ही प्रती आठवड्याआड दाखवायच्या.

खरी अडचण सवलतीत होती. ‘दोघांकडेही दहा टक्के सूट’ हे ऐकायला न्याय्य वाटते. पण दहा हजारांच्या साडीवर ती हजार रुपये होते, आणि साडीच्या नफ्यात ती सामावते. एक लाखाचे सोने व दहा हजार घडणावळ अशा दागिन्यावर मात्र ती अकरा हजार होते, म्हणजे सगळी घडणावळ जाऊन वर पदरचे हजार रुपये. म्हणून सराफाची सूट केवळ घडणावळीवर दहा टक्के ठेवली. आता दोघांच्याही गल्ल्यातून हजारच जाणार होते. जाहिरातीतही ‘घडणावळीवर’ हा शब्द ठळक छापायला लावला. नाहीतर काउंटरवर ग्राहकाशी वाद अटळ.

एका दुकानात खरेदी करणाऱ्याला दुसऱ्याचे कूपन द्यायचे होते. त्यावर अनुक्रमांक घातले. कूपन जेथे वटते, विक्रीही तेथेच होते. म्हणून सूट त्यानेच सोसावी, असे लिहिले. दर शनिवारी दोघांनी वटलेली कूपने मोजून एकाच वहीत नोंदवायची. महिनाअखेर एका बाजूला ऐंशी आणि दुसऱ्या बाजूला वीस दिसली, तर चालू हिशेब मोडायचा नाही. पुढील जाहिरातीचा वाटा मात्र त्यावरून नव्याने ठरवायचा.

कागदावर दोघांनी सह्या केल्या. भिंत दोघांची सामाईक आहे. हिशेब स्वच्छ असला की ती भिंतच राहते, कुंपण होत नाही.