गुडघ्याखालचे टेंगूळ

स्मरणिकेसाठी क्रीडाविभागाच्या आठवणी लिहाव्यात, असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा कपाटातील ढाली आणि चषक प्रथम डोळ्यांसमोर आले. मात्र लिहावयास बसलो आणि आठवला तो एका विद्यार्थ्याचा गुडघा. किन्हीराजातील माझ्या नोकरीत मी सर्वांत अधिक शिकलो ते त्या गुडघ्यापासून, आणि शिकण्यापूर्वी मी त्या मुलावर अन्याय केला होता. तो येथे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

गोष्ट २०२२ च्या सत्रातील. टाळेबंदीमुळे दीर्घकाळ घरी राहिलेली मुले वसतिगृहात परतून फार दिवस झाले नव्हते. आठवीतला एक मुलगा आमच्या खो-खो संघातील सर्वांत चपळ आक्रमक होता. पाठीवर खो पडताच तो चौकातून असा उसळत असे की, पाहणाऱ्याला तो आधी बसलेला होता हे खरे वाटू नये. सप्टेंबरमध्ये त्याची ही उसळी मंदावली. सूर मारण्याची वेळ आली की तो हात आखडता घेऊ लागला. सराव संपल्यावर किंचित लंगडत खोलीकडे जाई. विचारले तर म्हणे, “सर, गुडघा ठणकते.” तालुक्याचे सामने तोंडावर आले होते. मला वाटले, घरच्या आरामाची सवय जडली आहे, मुलगा अंगचोरपणा करतो आहे. सर्वांसमोर मी त्याला मैदानाच्या लांबीभर बेडूकउड्या मारावयास लावल्या. त्याने त्या मारल्या. एक शब्द बोलला नाही.

माझे डोळे उघडले ते दुसऱ्या दिवशी सकाळी, मैदानावर नव्हे तर प्रार्थना सभागृहात. वंदनेच्या वेळी सर्व मुले गुडघे टेकून पंचांग प्रणाम करीत होती. हा मुलगा मात्र उजवा गुडघा फरशीला लागू न देता एका बाजूला कलून बसला होता. सरावात टाळाटाळ करणारा मुलगा मी समजू शकत होतो. पण येथे टाळाटाळ करून त्याला काय मिळणार होते? वंदनेनंतर त्याला जवळ बोलावून गुडघा पाहिला. गुडघ्याच्या वाटीच्या खाली, नडगीचे हाड जेथे सुरू होते तेथे, बोराएवढे टणक टेंगूळ होते. त्यावर बोट दाबताच त्याने श्वास रोखला.

वाशीमच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी तपासून आजाराचे नाव सांगितले: ऑसगुड-श्लाटर. १९०३ साली अमेरिकेतील बोस्टनचे रॉबर्ट ऑसगुड आणि स्वित्झर्लंडमधील झुरिकचे कार्ल श्लाटर या दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे त्याचे वर्णन केले, म्हणून हे जोडनाव. तेथे डॉक्टरांनी मला एक प्रश्न विचारला, “गेल्या तीन महिन्यांत हा किती वाढला?” मला उत्तर देता आले नाही. मी त्याच्या धावण्याचे सेकंद मोजत होतो, त्याची उंची मोजत नव्हतो. सुदैवाने जुलैमधील आरोग्य तपासणीच्या नोंदवहीत आकडा सापडला: १४९ सेंटिमीटर. १ ऑक्टोबरला भिंतीशी उभे करून मोजले, तर १५२. तीन महिन्यांत तीन सेंटिमीटर, म्हणजे वर्षाला बाराचा वेग. बालपणी मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढते. मग काही काळ हा वेग एकदम चढतो आणि पुन्हा उतरतो. मुलींमध्ये ही उसळी सुमारे बाराव्या वर्षी, तर मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास शिखर गाठते; एखाद्यात दोन वर्षे आधी, एखाद्यात दोन वर्षे नंतर.

या उसळीत दुखते ते का, हे समजले आणि बेडूकउड्यांची शिक्षा मला अधिकच बोचू लागली. मांडीचा पुढचा बळकट स्नायू खाली येऊन वाटीला धरतो आणि वाटीपासून निघालेली चिवट कंडरा नडगीच्या वरच्या उंचवट्याला चिकटते. उकिडवे बसून उठताना, उडी मारताना, धावता धावता थांबताना सारा ओढ त्या एका जागी येतो. प्रौढ माणसात ती जागा पक्के हाड असते. वाढत्या मुलात मात्र तेथे कोवळी कूर्चा असते. हाड अजून जुळायचे असते. त्यातच हाडे भराभर लांब होतात आणि स्नायूंना त्यांच्याबरोबर लांबायला थोडा अवधी लागतो. त्यामुळे ताठरलेला स्नायू कच्च्या जागेला सतत खेचत राहतो. ती जागा सुजते, दुखते, आणि शरीर तेथे नवे हाड घालून टेंगूळ उभे करते. आता खो-खो आठवा. नऊ आक्रमकांपैकी आठ जण चौकांत उकिडवे बसलेले असतात आणि प्रत्येक खो म्हणजे त्या बैठकीतून एक झटक्याची उठण. या कूर्चेसाठी याहून कठीण खेळ शोधूनही सापडणार नाही.

टाचेचेही असेच आहे, फक्त ते थोड्या लहान वयात होते. पोटरीची कंडरा टाचेच्या मागच्या हाडाला खेचते आणि तेथेही वाढीची कूर्चा असते. बोस्टनचेच जेम्स सीव्हर यांनी १९१२ साली हे दुखणे नोंदविले. आमच्या सहावीतील एक मुलगा पावसाळा संपल्यावर चवड्यांवर चालू लागला. काळी माती वाळून दगडासारखी झाली होती आणि तो अनवाणी धावत असे. टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबली की तो ओरडे. ही या दुखण्याची सोपी खूण. बुटात टाचेखाली जाड गादी घातली, काही आठवडे धावणे निम्म्यावर आणले आणि दुखणे ओसरले.

गुडघ्याला मात्र अधिक धीर लागला. डॉक्टरांनी खाटेवरची विश्रांती सांगितली नाही. त्यांनी भार मोजावयास सांगितले. मी एका संध्याकाळी वही घेऊन बसलो. खो मिळून उठणे सत्तर वेळा, सुरुवातीच्या उठाबशा पन्नास, सूर पंधरा, शिवाय शेवटच्या उड्या वीस. एका सरावात गुडघ्याला दीडशेहून अधिक झटके. आठवड्याचे सहा दिवस धरले तर नऊशेंहून अधिक. हा सराव मीच आखला होता आणि हा आकडा मला ठाऊक नव्हता.

पहिले दोन आठवडे उठाबशा, उड्या आणि सूर पूर्ण बंद ठेवले. त्याऐवजी बाकावर बसून पाय सरळ करायचा, मांडी आवळून दहा सेकंद धरायची, असे दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. तिसऱ्या आठवड्यापासून भिंतीला पाठ टेकून अर्धवट बैठक. पाचव्यापासून एक दिवसाआड हलके धावणे आणि सरावात फक्त पंधरा उठणी. पुढे दर आठवड्याला दहा-दहा वाढवायची, पण दोन अटींवर. शून्य ते दहा या मापात सरावातील दुखणे तीनच्या वर जाता कामा नये. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या सकाळपेक्षा वाढलेले नसावे. अट मोडली की मागच्या आठवड्याच्या आकड्यावर परत. डिसेंबरात एकदा तसे परत यावे लागले. दिशा बदलून धावणे आणि सूर सर्वांत शेवटी.

या काळात त्याला मैदानाबाहेर ठेवले नाही. वही त्याच्याच हाती दिली. कोण किती वेळा उठला, हे तो मोजू लागला आणि त्याच्या मोजणीतून कळले की, आमच्या संघात एकाच चौकातील मुलावर इतरांच्या दुप्पट भार पडतो. पुढे मी जागा फिरवू लागलो.

ऑक्टोबरअखेर जिल्ह्याचा सामना होता. तो म्हणाला, “सर, एकच मॅच आहे, मी खेळतो. दुखलं तरी सांगणार नाही.” शेवटच्या वाक्याने माझा निर्णय पक्का केला. ज्या मुलाने दुखले असे सांगून शिक्षा भोगली होती, तो आता न सांगण्याचे वचन देत होता. हे मीच त्याला शिकविले होते. त्याला खेळविले नाही. सामना एका गुणाने गेला. परतीच्या गाडीत कोणी माझ्याशी बोलले नाही.

तो पूर्ण खेळात परतला ते पुढच्या सत्रात. हा काळ फार मोठा नव्हे. डेन्मार्कमध्ये अशाच पद्धतीने ५१ मुलांवर उपचार करून २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बारा आठवड्यांत बहुतेकांना बरेच बरे वाटले. तरी तोवर पुन्हा खेळात उतरलेली मुले थोडीच होती. दुखणे कमी होणे आणि गुडघा खेळास सिद्ध होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कूर्चेचे हाड झाले की बहुतेकांचा त्रास आपोआप संपतो; टेंगूळ मात्र अनेकदा राहते.

तेव्हापासून आमच्याकडे दर तीन महिन्यांनी उंची मोजली जाते; सकाळीच, कारण संध्याकाळपर्यंत माणूस सुमारे एक सेंटिमीटर खचतो. महिन्याला मोजत नाही, कारण मोजण्याची चूक वाढीएवढीच निघते. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरहून अधिक वाढलेल्या मुलाच्या नावापुढे खूण केली जाते. हा माझ्यापुरता ठोकताळा आहे, शास्त्राचा नियम नव्हे. अशा मुलाच्या उड्या आणि उठणी निम्म्यावर येतात. त्या वेळात तो खो देण्याची अचूकता आणि हुलकावणी शिकतो. तो अचानक धडपडू लागला, तरी त्याला रागावत नाही. लांबलेल्या पायांचा अंदाज येण्यास वेळ लागतो. आणि उड्या मारण्याची शिक्षा कायमची बंद झाली.

प्रत्येक दुखणे मात्र वाढीच्या खाती टाकू नये. रात्री झोपेतून उठविणारी वेदना, ताप, पूर्ण सांध्याची सूज, उडी मारताना कट्कन आवाज होऊन पाय सरळ न होणे, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर. लंगडणाऱ्या मुलाचा गुडघा दुखत असला, तरी खुबा तपासून घ्यावा. खुब्यातील हाड सरकल्याची वेदना पुष्कळदा गुडघ्यातच जाणवते. आणि आपल्या विदर्भात सिकलसेल आहे. हाडे वारंवार दुखणाऱ्या मुलाची रक्ततपासणी झाली आहे ना, हे आधी पाहावे.

तो मुलगा शाळा सोडून गेला. जाण्यापूर्वी सभागृहात त्याने दोन्ही गुडघे टेकून प्रणाम केला. उजव्या गुडघ्याखाली टेंगूळ तसेच होते. मी विचारले, “दुखते का?” तो म्हणाला, “नाही सर.” या वेळी मी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला, पहिल्याच वेळी ठेवावयास हवा होता.